मिरची कांडप, अभ्यासिका आणि मधली भिंत

होळी सरली की खान्देशात घरोघरी वर्षभराच्या तिखटाची आणि मसाल्याची तयारी सुरू होते. वाळवलेली मिरची, धणे, खोबरं डब्याडब्यांतून कांडपावर येतं आणि मार्चपासून जूनपर्यंत लोखंडी मुसळ्या दिवसभर उखळात आपटत राहतात. नेमके हेच महिने परीक्षांचे. नंदुरबारसारख्या गावात, एका गल्लीत, अशा कांडपाच्या भिंतीला भिंत लावून एक अभ्यासिका आहे असं समजा. कांडप चालवतात ते आप्पा, अभ्यासिका चालवतात त्या ताई. प्रसंग कल्पित आहे आणि पुढचे आकडेही हिशेब नीट दिसावा म्हणून घेतले आहेत. पण असं भांडण खान्देशातल्या माणसाला नवीन नाही.

ताईंचं म्हणणं सरळ आहे. मुसळीच्या ठोक्याने टेबलं थरथरतात, मुलं वही मिटून निघून जातात. महिना ६०० रुपये फी देणारी पंधरा मुलं हंगामात सोडून जातात, म्हणजे महिन्याला ९,००० रुपयांचं नुकसान. आप्पांचं म्हणणंही तितकंच सरळ आहे. हंगामात खर्च वजा जाता महिन्याला २०,००० रुपये हाती पडतात, वर्षाचं घर त्यावरच चालतं. कांडप बंद केलं तर खायचं काय?

ऐकणारा माणूस लगेच ठरवून टाकतो की त्रास आप्पा देतात, म्हणून थांबायचं आप्पांनी. बरीच वर्षं अर्थशास्त्रही असंच बोलत होतं. आर्थर पिगू या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९२० मध्ये मांडलं की ज्याच्या धंद्याचा भुर्दंड दुसऱ्याला बसतो, त्याच्यावर सरकारने तेवढा कर लावावा. रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये एक लेख लिहून या विचाराची दिशाच बदलली. पुढे १९९१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं की नुकसान नेहमी दोन्हीकडून होतं. कांडप चालू राहिलं तर ताईंचं नुकसान, बंद पडलं तर आप्पांचं. अभ्यासिका तिथे नसती तर तो आवाज कुणाच्या अभ्यासाच्या आड आला नसता. म्हणून त्रास कोणी दिला एवढं विचारून भागत नाही. कोणतं नुकसान टाळणं दोघांच्या मिळून हिशेबात स्वस्त पडेल, हे विचारावं लागतं.

कोस यांनी या लेखात लंडनचा १८७९ सालचा एक खरा खटला घेतला होता, आणि तो आपल्या कांडपाशी इतका जुळतो की सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक मिठाईवाला आपल्या स्वयंपाकघरात मोठ्या खलबत्त्यांत साखर आणि इतर जिन्नस कुटायचा. त्यातला एक खल साठहून जास्त वर्षं तिथेच होता. शेजारी एक डॉक्टर राहायला आले. काही वर्षं कुणाचीच तक्रार नव्हती. मग डॉक्टरांनी बागेच्या टोकाला, नेमकी त्या स्वयंपाकघराला लागून, रोगी तपासायची खोली बांधली. ठोक्यांमुळे रोग्याची छाती तपासता येईना, तेव्हा ते कोर्टात गेले. कोर्टाने डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला आणि खलबत्ते बंद करायला लावले. मिठाईवाला आधीपासून तिथे होता, हे त्याच्या कामी आलं नाही. खोली बांधेपर्यंत आवाजाने कुणाचं नुकसानच होत नव्हतं, तेव्हा एवढ्या वर्षांत त्याला आवाज करायचा हक्क मिळालाच नाही, असं कोर्टाचं म्हणणं.

कोस यांचा प्रश्न निकालानंतरचा आहे. आता हक्क डॉक्टरांकडे आहे. पण खोली दुसरीकडे हलवायला किंवा मध्ये जाड भिंत घालायला डॉक्टरांना जो खर्च येईल, त्याहून मिठाईवाल्याचं नुकसान मोठं असेल तर तो डॉक्टरांना पैसे देऊन खलबत्ते चालू ठेवायची परवानगी विकत घेईल. आणि निकाल उलटा लागला असता, तर डॉक्टर मिठाईवाल्याला पैसे देऊ शकले असते. कोर्टाने हक्क कुणाचा ते ठरवलं, पण त्या हक्काचं पुढे काय होणार हे शेजाऱ्यांच्या सौद्यावर सोडलं गेलं.

हिशेब मांडून पाहू

आप्पा आणि ताई यांच्यापुढे वाटा कोणत्या आहेत? एक, कांडप बंद: महिन्याला २०,००० चं नुकसान. दुसरी, सगळं आहे तसं: ९,००० चं नुकसान. तिसरी वाट अशी की ताईंनी त्या बाजूच्या खिडक्या बुजवाव्यात, भिंतीला आतून दुसरा थर द्यावा, हवेसाठी कूलर बसवावा. विजेसकट याचा खर्च हंगामाच्या दर महिन्याला ५,००० धरू. चौथी वाट आप्पांकडे आहे. यंत्र सामाईक भिंतीपासून सुटं करून वेगळ्या काँक्रीटच्या ओट्यावर घ्यायचं, ओट्याखाली जाड रबरी पॅड घालायचे आणि भिंतीच्या अलीकडे हवेची फट सोडून विटांची दुसरी भिंत उभी करायची. याला एकदाच ३६,००० लागतील. तीन हंगामांचे मिळून बारा महिने धरले तर महिन्याला ३,००० पडतात.

चौथी वाट स्वस्त का पडते, याचं कारण आवाजाच्या स्वभावात आहे. मुसळीचा आवाज काही हवेतून जातो, पण त्याचा जाच मुख्यतः जमिनीतून आणि भिंतीतून जाणाऱ्या हादऱ्याचा असतो. हादरा उगमापाशीच अडवला तर ओट्याखालचे चार पॅड पुरतात. तोच पलीकडे पोहोचल्यावर अडवायचा म्हणजे सगळी खोलीच गुंडाळायची.

आता धरू की कायद्याने आप्पांना कांडप चालवायचा पूर्ण हक्क आहे. ताई काय करतील? ९,००० सोसण्यापेक्षा ५,००० खर्चून स्वतःची खोली बंदिस्त करणं त्यांना परवडतं. पण त्याआधी त्या आप्पांकडे जाऊन म्हणू शकतात, "आप्पा, तुम्ही ओटा आणि भिंत करा, मी महिन्याला ४,००० देते." आप्पांचा खर्च ३,०००, हाती येतात ४,०००. ताईंचे ५,००० वाचतात, जातात ४,०००. दोघांचाही हजाराचा फायदा. ओटा होतो, कांडप चालू राहतं, मुलं अभ्यासाला बसतात.

आता उलटं धरू. शांततेचा हक्क ताईंचा आहे आणि कोर्टाने कांडप बंद करायचा हुकूम दिला आहे. आप्पांचे २०,००० बुडतात. ते ताईंकडे जाऊन म्हणतील, "ताई, मी ओटा आणि भिंत करतो, वर महिन्याला हजार रुपये तुम्हाला देतो, पण हुकूम अमलात आणू नका." आवाज येणारच नसेल तर ताईंना हजार रुपये वरकमाईच आहेत. पुन्हा ओटा होतो, कांडप चालू राहतं, मुलं अभ्यासाला बसतात.

हक्क कुणाकडेही असो, शेवटी तोच ओटा आणि तीच भिंत उभी राहते, म्हणजे दोघांना मिळून स्वस्त पडणारी वाट. कोस यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत इतकाच आहे. आणि तो आवाज बंद होईलच असं म्हणत नाही. समजा पंधराऐवजी तीनच मुलं सोडून जात असतील, तर नुकसान १,८०० चं. त्यासाठी ३,००० ची भिंत कोणी बांधणार नाही. हक्क ताईंचा असेल तर आप्पा त्यांना १,८०० च्या वर काहीतरी देऊन आवाज चालू ठेवतील; हक्क आप्पांचा असेल तर ताई तीन मुलांची फी सोडून देतील. आवाज दोन्हीकडे राहतो.

पण या साम्याने भुलून जाऊ नये. पैसा कुणाच्या खिशातून गेला ते दोन्ही वेळा वेगळं आहे. पहिल्या वेळी ताई दरमहा ४,००० मोजतात, दुसऱ्या वेळी आप्पांचे तेवढेच जातात. भिंत तीच असली तरी दोन्ही घरांच्या चुली वेगळ्या पेटतात. हक्क कुणाला द्यायचा हा म्हणूनच न्यायाचा प्रश्न आहे आणि सौद्याने तो सुटत नाही. ज्याच्याकडे द्यायला चार हजार नाहीत, त्याला दुसऱ्याचा हक्क विकत घेण्याचं स्वातंत्र्य नुसतं सांगून काय उपयोग? मला हा सिद्धांत पटतो, पण गरीब बाजूला रिकाम्या हाती सौद्याला बसवणं पटत नाही.

हक्क आधी स्पष्ट हवा

या सगळ्याचा पाया एका अटीवर आहे: हक्क कुणाचा, हे दोघांना सौद्याआधी माहीत हवं. नाहीतर आप्पा म्हणतात धंदा माझा, ताई म्हणतात घर माझं, आणि जो हक्क आपला आहे असं दोघेही समजतात त्यासाठी पैसे मोजायला कोणीच तयार होत नाही.

आपल्याकडे हा हक्क वाटतो तितका धूसर नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात उदाहरण देऊनच सांगितलं आहे की दुसऱ्याच्या आवाजाने किंवा हादऱ्याने आपल्या घरातल्या स्वास्थ्यात मोठा आणि अवाजवी व्यत्यय येऊ नये, हा प्रत्येक घरमालकाचा हक्क आहे. हवा अवाजवी दूषित होऊ नये, हाही. ‘अवाजवी’ म्हणजे किती, हे २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांनी आकड्यांत आणलं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. आवाज या मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तर नागरिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा नेमलेल्या पोलीस अधिकाऱ्याकडे, तक्रार करू शकतो.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. डेसिबलची मोजपट्टी साधी नाही. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. म्हणून ५५ आणि ६५ मधलं अंतर आकड्यात थोडं दिसलं तरी कानाला मोठं असतं. दुसरं, हे आकडे काही वेळाच्या सरासरीचे असतात, एका ठोक्याचे नसतात. फोनवरच्या अॅपने अंदाज येतो, पुरावा म्हणून मात्र प्रमाणित मीटरची नोंदच धरली जाते.

आपल्या गल्लीत खरा वाद बहुधा इथेच अडतो. गल्ली निवासी की व्यापारी? खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, मध्येच कांडप. ५५ धरायचे की ६५, यावर हक्क आप्पांकडून ताईंकडे सरकतो. म्हणून नगरपालिकेत जाऊन आपल्या जागेचा विकास आराखड्यातला वापर कोणता नोंदला आहे, आणि कांडपाला परवानगी कोणत्या अटींवर मिळाली आहे, ही कागदं दोघांनी मिळून पाहावीत. त्या एका फेरीत निम्मं भांडण संपू शकतं. सौद्याला बसताना आपण काय विकतोय आणि काय विकत घेतोय, हे मग निदान ठाऊक असतं.

आणि काही हक्क विक्रीला नसतातच. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर लावायची बंदी साऱ्या वस्तीसाठी आहे. शेजारच्या एका घराला पैसे देऊन ती उठत नाही. कायद्याने मना केलेल्या गोष्टीसाठी केलेला करार कोर्टात टिकत नाही. सौदा करायचा तो कायद्याच्या मर्यादेच्या आतला, किंवा फक्त आपल्या दोघांपुरत्या त्रासाचा.

सौदा कुठे फिसकटतो

पहिल्या उदाहरणात ३,००० आणि ५,००० यांच्या मध्ये २,००० ची जागा होती. तिच्यात कुठल्याही आकड्यावर दोघांचा फायदा आहे. पण आप्पांना ताईंचे ५,००० ठाऊक नाहीत आणि ताईंना आप्पांचे ३,००० ठाऊक नाहीत. आप्पा भिंतीला साडेपाच हजार लागतात म्हणून अडून बसले, तर ताई उठून जाऊन स्वतःची खोली बंदिस्त करतील आणि हलकी वाट सोडून महागडी निवडली जाईल. दुसऱ्या उदाहरणात धोका आणखी मोठा. कांडप बंदच करायचा हुकूम हाती असेल तर ताई तत्त्वतः १७,००० पर्यंत काहीही मागू शकतात, कारण आप्पांचे २०,००० वाचतात आणि ओट्याला ३,००० जातात. जागा जितकी रुंद, तितका अडवणुकीचा मोह मोठा. म्हणून ‘बंद करा’ या हुकमापेक्षा ‘इतक्या मर्यादेत आणा’ असा हुकूम सौद्याला बरा.

पैशापलीकडचीही एक अडचण आहे. वॉर्ड फार्न्सवर्थ या अमेरिकी कायदा-अभ्यासकाने १९९९ मध्ये शेजाऱ्यांच्या उपद्रवाचे वीस जुने खटले घेतले आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांना विचारलं: निकालानंतर तुमच्या पक्षकारांनी सौदा केला का? वीसपैकी एकाही खटल्यात केला नव्हता. इतकी कटुता साचली होती की ज्याच्याशी भांडलो त्याला हक्क विकणं लोकांना नकोच होतं. सिद्धांत म्हणतो की निकालानंतर सौदा होईल. अनुभव सांगतो की तोवर बोलणं संपलेलं असतं. सौद्याची वेळ पहिल्या तक्रारीनंतरची, वकिलाच्या पहिल्या नोटिशीआधीची.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे माणसांची संख्या. आवाज भिंतीपलीकडच्या एका खोलीला छळत होता, म्हणून दोघांत मिटलं. पण मिरचीचा खकाणा उडतो तेव्हा ठसका सगळ्या गल्लीला लागतो. धूळ बसवायचा पंखा आणि पिशवी लावायला ३०,००० लागतात आणि तीस घरांनी हजार-हजार द्यायचे आहेत असं समजा. प्रत्येक घराला वाटतं की बाकीचे एकोणतीस देतीलच, हवा तर मलाही स्वच्छ मिळणार. काहीजण हात आखडतात, मग उरलेलेही थांबतात. उलट हवेचा हक्क तीसही घरांकडे असेल आणि आप्पांना सगळ्यांची संमती लागत असेल, तर एकोणतीस जण हो म्हणाल्यावर तिसावा माणूस वाटेल तो भाव सांगू शकतो. नंदुरबारच्या आसपास मोकळ्या मैदानात मिरच्या वाळवायच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. तिथला वारा किती वस्त्यांवरून जातो ते पाहिलं की सौद्याची मर्यादा ध्यानात येते. सगळ्यांना जमवण्याचा, पटवण्याचा आणि करारावर नजर ठेवण्याचा खर्च फायद्याहून मोठा झाला की सौदा होत नाही. तिथे नियम, परवान्याच्या अटी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळच लागतं. हे कोस यांनाही मान्य होतं. सौद्याला काहीच खर्च नसतो असं जग खरं नाही, हेच त्यांना त्या लेखातून दाखवायचं होतं.

दोघांत ठरलं तर लिहून काय ठेवायचं

‘आवाज कमी करीन’ असं लिहिलं तर पुढच्या मार्चात पुन्हा भांडण. आवाज कुठे मोजायचा ते लिहावं: अभ्यासिकेत, सामाईक भिंतीपासून एक मीटरवर, खिडक्या बंद ठेवून. मीटर कोणी आणायचा आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे तेही लिहावं. मोजणी दोनदा करावी, एकदा कांडप बंद असताना आणि एकदा पूर्ण भरात असताना. नाहीतर रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज आप्पांच्या नावावर जातो. वेळही ठरवावी. अभ्यासिकेत सकाळी आणि संध्याकाळी गर्दी असेल आणि गिऱ्हाईक दुपारी येऊ शकत असेल, तर दुपारी अकरा ते चार पूर्ण क्षमतेने आणि बाकी वेळ एकच मुसळी, असा तोडगा कधीकधी भिंतीहूनही स्वस्त पडतो. पैसे एकरकमी न देता अर्धे ओटा झाल्यावर आणि अर्धे पहिल्या हंगामाच्या मोजणीनंतर द्यावेत.

साधा करार त्या दोघांनाच बांधतो. उद्या आप्पांनी कांडप विकलं तर नवा मालक आपोआप बांधला जाईलच असं नाही. जागेवरच कायमचं बंधन घालायचं असेल तर दस्त वकिलाकडून करून घेऊन दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. दोघांपुरतं मिटवायचं असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून, खटला दाखल न करताही, प्रकरण लोक न्यायालयापुढे नेता येतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि तिच्यावर अपील नसतं. उद्या ओटा खचला, पॅड झिजले आणि आप्पांनी दुरुस्ती केली नाही, तर ताईंना नवा दावा लावावा लागत नाही. त्याच तडजोडीची अंमलबजावणी मागता येते. म्हणून पॅड किती हंगामांनी तपासायचे आणि बदलायचे कोणाच्या खर्चाने, हे कलम सही करण्याआधीच त्यात घालून घ्यावं.